तारखेआधीच पाकिटातली पालेभाजी बुळबुळीत होते? आधी हे तपासा

कोल्हापुरातल्या दुकानांना आणि काही हॉटेलांना मी धुतलेला पालक, निवडलेली मेथी, लेट्यूस आणि कापलेल्या सॅलडची पाकिटं पोचवतो. परत येणाऱ्या मालातली सगळ्यात मोठी तक्रार एकच असते: "तारीख अजून पुढं आहे, पण आत सगळं बुळबुळीत झालंय." ग्राहक दुकानदाराला धरतो, दुकानदार मला आणि मी पॅकिंगवाल्याला. खरं कारण बहुतेक वेळा या साखळीतल्या शेवटच्या दोन कड्यांत सापडतं, म्हणजे दुकानातल्या कूलरमध्ये किंवा घरच्या फ्रिजमध्ये. म्हणून ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी तपासायचं, खर्चाचं नंतर.

लक्षणं नीट ओळखा

खराब झालेली सगळी पाकिटं एकाच रोगाची नसतात. पाकीट फोडण्याआधी ते उजेडासमोर धरून बघा.

आतल्या बाजूला पाणी धरलंय आणि एक-दोन पानं प्लॅस्टिकला चिकटून काळपट हिरवी, चिकट झालीत, बाकीची चांगली आहेत, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. पाकिटाला मधे कधीतरी ऊब लागलीय आणि आत घाम सुटलाय.

पाकीट फुग्यासारखं टम्म फुगलंय आणि फोडल्यावर आंबूस, दारूसारखा वास येतोय, तर पानांना आत प्राणवायू पुरला नाही. हे फक्त सीलबंद पाकिटात दिसतं. मेथी-कोथिंबिरीच्या भोकं पाडलेल्या पिशव्या फुगत नाहीत.

पानं काचेसारखी अर्धपारदर्शक, गडद आणि ओली दिसतात, हातात घेतली की पाणी सुटतं, पण वास फारसा नाही, तर ती गोठून परत वितळलीत. लेट्यूस आणि पालक शून्य अंशाच्या जरासं खाली गेले की गोठतात. आतल्या बर्फानं पेशी फुटतात आणि त्यानंतर दिवसभरात पान लिबलिबीत होतं. याला लोक 'सडलं' म्हणतात, पण कारण नेमकं उलटं असतं. गार कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं.

पानं पिवळी पडलीत पण कोरडी आहेत, तर तो या लेखाचा विषय नाही. पाला जुना असेल किंवा त्याच कप्प्यात पिकलेली केळी, सफरचंदं किंवा टोमॅटो असतील. ती दुसरीकडे ठेवा.

बुळबुळीतपणा येतो कुठून

एवढं समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो. तोडलेलं पान मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं, ऊब आणि वाफ बाहेर टाकत असतं. त्यात पालक तर फार जोरात श्वास घेणाऱ्या भाज्यांपैकी. पानावर जिवाणू असतातच, धुतल्यावरही थोडे उरतात. त्यातले काही, मुख्यतः स्युडोमोनास जातीचे, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात. कापलेल्या कडेतून रस पाझरतो, तो त्यांना खायला मिळतो. पाण्याचा पातळ थर मिळाला की ते एका पानावरून दुसऱ्यावर पसरतात. हे जिवाणू फ्रिजमध्येही वाढतात. ४ अंशाला त्यांची गती मंदावते, थांबत नाही. १० अंशाला ते बरेच वेगानं वाढतात.

तापमान १० अंशांनी वाढलं की पानांचा श्वासही साधारण दोन ते तीन पटींनी वाढतो. सीलबंद पाकिटाचं प्लॅस्टिक ठरावीक वेगानंच हवा आत-बाहेर जाऊ देतं, आणि तो वेग थंड पानांच्या श्वासाचा हिशेब धरून ठरवलेला असतो. पाकीट तापलं की पानांची भूक वाढते, प्लॅस्टिक मात्र तेवढी हवा आत सोडू शकत नाही. मग आतला प्राणवायू संपतो, पानं आंबायला लागतात, आणि मेलेलं पान जिवाणूंना अडवत नाही.

म्हणजे छापलेली तारीख एका अटीवर दिलेली असते. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात साठवणीचं तापमान दिलेलं असतं, बहुधा ५ अंशांच्या आत. ती अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही.

फुकटातल्या तपासण्या

दुकानात पाकीट हातात घेतलं की एका कोपऱ्यावर तिरकं करा आणि थोडं थांबा. बऱ्याच पाकिटांना आतून अँटी-फॉग फिल्म असते. त्यावर पाण्याचे थेंब दिसत नाहीत, पाणी पसरून पारदर्शक थर होतो, त्यामुळे पाकीट स्वच्छ वाटतं. तिरकं केल्यावर कोपऱ्यात पाणी साचलं, किंवा हिरवट रस दिसला, तर ते पाकीट ठेवून दुसरं घ्या. शेवटच्या तारखेइतकंच पॅकिंगच्या तारखेकडंही बघा. एकाच शेल्फवर दोन वेगवेगळ्या दिवशी भरलेला माल असतो आणि जुना पुढं ओढून ठेवलेला असतो. दुकानदारानं ते बरोबरच केलेलं असतं, पण तुम्हाला भाजी चार दिवस ठेवायची असेल तर मागचं पाकीट मागा.

पुढचा प्रश्न घरी नेण्याचा. इथं बहुतेकांची भाजी स्कूटीच्या डिकीतून जाते. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी भट्टी होते, त्यात खालून इंजिनची धग. लक्ष्मीपुरीत बाजार, मग बँक, मग महाद्वार रोडला एखादं काम, असा फेरा झाला की पाकीट तास-दीड तास तिथंच शिजत राहतं. घरी आल्यावर ते फ्रिजमध्ये जातं, प्लॅस्टिक लगेच गार होतं, पण पानं अजून गरम असतात आणि वाफ सोडत असतात. ती वाफ गार प्लॅस्टिकवर पाणी होऊन जमते. घाम सुटतो तो असा. तेव्हा गार माल सगळ्यात शेवटी घ्या आणि पुढं पायाशी अडकवलेल्या पिशवीत ठेवा. डिकीच वापरायची असेल तर दुधाच्या गार पिशवीला लावून गुंडाळा.

घरी आल्यावर पाकीट परत धुवायचं नाही. 'धुतलेलं, खाण्यास तयार' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या नळाचं पाणी त्यात नवीन काही सुधारत नाही, फक्त ओल वाढवतं. पॅकिंगवाल्यांकडे पानं धुतल्यावर मशीनमध्ये गरागरा फिरवून पाणी काढतात, घरी तेवढं कोरडं करणं जमत नाही. साध्या पेंढीचा पालक मात्र वापरायच्या वेळी धुवावाच लागतो. हा नियम फक्त तयार पाकिटाचा.

आणि एकदा पाकीट फोडलं की छापलेली तारीख विसरायची. आतली हवा ठरवलेली असते, ती कात्रीच्या पहिल्या घावाबरोबर गेली. उरलेला पाला कोरड्या डब्यात, खाली-वर कोरडं सुती कापड किंवा टिश्यू घालून ठेवा, कापड ओलं झालं की बदला, आणि दोन दिवसांत संपवा. एखादं चिकट पान दिसलं तर त्याच्या शेजारची ओली पानंही काढा. तिथं जिवाणू पोचलेले असतात, दिसत नाहीत एवढंच.

शे-दोनशे रुपयांची तपासणी: ग्लासातला थर्मामीटर

फ्रिजच्या दारावरचा आकडा किंवा एक ते पाचचा खटका म्हणजे तापमान नव्हे. साधा फ्रिज थर्मामीटर आणा, तो पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि जिथं भाजी ठेवता तिथंच रात्रभर ठेवा. सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ग्लास कशाला? दार उघडलं की हवेचं तापमान उडी मारतं, पाण्याचं नाही. पानांना खरोखर काय सोसावं लागतंय ते पाणी सांगतं.

१ ते ४ अंश असेल तर फ्रिज ठीक, दोष दुसरीकडे शोधा. ५ ते ७ असेल तर खटका एक घर वाढवून पुन्हा एक रात्र बघा. ८ च्या वर असेल तर तारखेपर्यंत पाला टिकेल ही आशा सोडा. आकडा शून्याच्या आसपास असेल तर वर सांगितलेल्या गोठण्याच्या प्रकाराकडे या. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालची जागा आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मागच्या भिंतीवरची हवेची झडप, या दोन ठिकाणी पाकीट टेकलं की पानं गोठतात. त्यामुळे एकाच पाकिटाची भिंतीकडची बाजू लिबलिबीत आणि पुढची ताजी असं दिसतं. पाकीट चार बोटं पुढं ओढा, विषय संपला.

भाजीचा खालचा ड्रॉवर सगळ्यात चांगला, असं सगळे धरून चालतात. काही फ्रिजमध्ये तो वरच्या कप्प्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असतो. वांगी, मिरची, काकडीला ते चालतं, पाकिटातल्या पालेभाजीला नाही. ग्लास दोन्हीकडे ठेवून बघा आणि मगच जागा ठरवा. खटका उन्हाळ्यात वाढवलेला असतो, तो पाऊस सुरू झाला की परत बघा, नाहीतर पावसाळ्यात तीच जागा गोठायला लागते.

दुकानदारांसाठी: कोल्ड्रिंकचा कूलर आणि पालक

आता ज्या प्रकारानं मला सगळ्यात जास्त फेरे मारायला लावले तो. राजारामपुरीतल्या एका किराणा दुकानात काचेच्या दाराचा व्हिसी कूलर आहे. खालच्या रॅकवर कोल्ड्रिंक, मधे दही-ताक, वर माझी पालकाची आणि सॅलडची पाकिटं. कूलरवरचा आकडा ४. दार घट्ट. मालक रात्री कूलर बंद करत नाहीत, हे मी विचारून घेतलं होतं, कारण लाइट बिल वाचवायला बटण बंद करणारे बरेच भेटतात. तरी तारखेच्या दोन दिवस आधी पाकिटांना पाणी सुटायचं. तोच माल शेजारच्या गल्लीतल्या दुकानात तारखेपर्यंत नीट राहायचा, म्हणजे पॅकिंगचा दोष नव्हता.

उलगडा परत आलेल्या पाकिटांच्या वहीतून झाला. मी परतीची नोंद वारानं ठेवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात असलेला माल खराब व्हायचा, शनिवारी भरलेला सोमवारपर्यंत विकून गेला की तक्रार नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे कोल्ड्रिंकच्या गाडीचे दिवस. गाडी दुपारी यायची, पोरगं क्रेट उघडून सगळ्या बाटल्या एकदम कूलरमध्ये भरायचं. मे महिन्यातल्या त्या बाटल्या ३५ अंशांच्या असतात.

पाव लिटरच्या २४ बाटल्यांचं एक क्रेट म्हणजे ६ लिटर पाणी धरा. ते ३५ वरून ५ वर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याला लहान कूलरला चांगल्या स्थितीतही पाऊण तासाच्या आसपास लागतो. चार क्रेट एकदम भरले की तीन तास, आणि त्यात संध्याकाळची गिऱ्हाइकी, दार सारखं उघडं-मिट. कूलरवरचा आकडा मात्र पंख्यासमोरच्या हवेचा. तो लवकर ४ वर येतो आणि सगळं आलबेल दाखवतो.

मी कमाल-किमान आठवणीत ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घेतला, त्याची वायर पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडली आणि ती पाकिटांच्या शेजारी ठेवली. मंगळवारी सकाळी ५ होते. दुकान बंद करताना कमाल आकडा १३ दिसला. म्हणजे पाकिटं अर्धी संध्याकाळ उबेत होती आणि रात्री परत गार झाली. आठवड्यातून दोनदा असं झालं की आत घाम ठरलेलाच.

यावर खर्च काहीच आला नाही. बाटल्या दुपारी दुकानाच्या मागच्या सावलीत ठेवायच्या आणि रात्री शटर ओढायच्या आधी भरायच्या, म्हणजे रात्रभर दार बंद राहतं आणि कूलरला वेळ मिळतो. गाडीच्या दिवशी संध्याकाळी लागणार असतील तेवढ्या बाटल्या आदल्या रात्रीच गार करून ठेवायच्या. पाकिटं पंख्याच्या तोंडासमोरून काढून मधल्या रॅकवर उभी लावायची, एकावर एक थप्पी नाही, कारण थप्पीच्या मधल्या पाकिटांपर्यंत गार हवा पोचत नाही आणि खालची दाबानं चिरडतात. कूलरचं सेटिंग ३ वर. कोल्ड्रिंकला ७ अंश चालतात, म्हणून हे कूलर बहुधा तिथंच लावलेले असतात. पालकाला चालत नाहीत. पुढच्या आठवड्यांत कमाल आकडा ६ च्या वर गेला नाही आणि त्या दुकानाची परती तुरळक पाकिटांवर आली.

तुमच्याकडं गाडीचा वार आणि खराबीचा वार जुळत नसेल, तर दार आणि जाळीकडं वळा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. नोट अडखळत यायला हवी, सहज सरकली तर तिथून उबदार हवा आत येतेय. चारही बाजूंना बघा, खालचा कोपरा बहुधा पहिला सैल होतो. आधी रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, अर्ध्या वेळा ते मळानंच बसत नसतं. मग प्लग काढून कंडेन्सरची जाळी मऊ ब्रशनं झाडा. रस्त्याकडेच्या दुकानात तिथं धुळीचं घोंगडं तयार होतं, आणि जाळी श्वास घेत नसली की कूलर दिवसरात्र चालूनही गार करत नाही. मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

लाइट गेली तर दार उघडायचं नाही. तरीही पाण्याच्या बाटलीतला आकडा ५ च्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल तर कापलेलं सॅलड विकायचं नाही, मग ते दिसायला कितीही ताजं असो.

इथं थांबा

चिकट झालेलं पाकीट धुऊन, निवडून, कच्चं खायचं नाही. पान बुळबुळीत करणारे जिवाणू सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत, पण ज्या उबेत ते वाढले तीच ऊब ई. कोलाय आणि साल्मोनेलालाही मिळालेली असते. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. घरात गर्भवती, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर शंका आली की टाकून द्या. याची उलट बाजूही खरी आहे. २००६ साली अमेरिकेत पाकिटातल्या पालकातून ई. कोलायची मोठी साथ आली होती, आणि तसले जिवाणू पानावर असले तरी पान चिकट दिसत नाही. बुळबुळ नाही म्हणून माल निर्धोक, असा अर्थ काढू नका. असं पाकीट खाल्ल्यावर रक्ताचे जुलाब किंवा जोराचा ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा आणि पाकीट टाकू नका.

जाळी साफ आहे, रबर घट्ट आहे, सेटिंग वाढवलंय आणि रात्रभर दार बंद राहूनही ग्लासातला आकडा ७ च्या खाली येत नाही, तर फ्रिज मेकॅनिकला बोलवा. गॅस कमी झालाय, थर्मोस्टॅट अडकलाय की कॉम्प्रेसर दमलाय हे बाहेरून कळत नाही. मागचं पॅनेल स्वतः उघडायचं नाही, तिथं विजेचा धक्का बसू शकतो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिज-कूलरमध्ये पेट घेणारा गॅस असतो. मेकॅनिक आल्यावर 'गार करत नाही' एवढंच सांगू नका. सकाळचा आणि रात्रीचा आकडा लिहून द्या, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

आणि एकाच बॅच नंबरचा माल दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांत, वेगवेगळ्या कूलरमध्ये, एकाच वेळी चिकट होत असेल, तर तुमचा फ्रिज तपासणं बंद करा. दोष पॅकिंगच्या आधीचा किंवा गाडीतला आहे: पानं ओलीच भरली असतील, सुरीची धार गेली असेल, किंवा येताना गाडीचा एसी बंद राहिला असेल. ते दुकानात किंवा घरी दुरुस्त होत नाही. पाकीट न फोडता फ्रिजमध्येच ठेवा. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि आधी पुरवठादाराला, म्हणजे माझ्यासारख्याला, पाठवा. तो दाद देत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी अ‍ॅपवर तक्रार करता येते, आणि तिथं हाच फोटो लागतो.